सकाळी सात, भडकल दरवाजा

पाणचक्कीच्या छायाचित्राखाली ‘शहराच्या वारशाची रम्य सफर’ एवढेच छापले, तर वाचणारा पान उलटतो. त्याला आधी चार गोष्टी हव्या असतात: कुठे भेटायचे, किती वेळ जाणार, किती जण असतील आणि किती पैसे. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातल्या अशा एका फेरीची ओळ साधारण अशी लिहिता येईल:

‘भडकल दरवाजा ते पाणचक्की. रविवारी सकाळी 7 वाजता दरवाजाच्या कमानीजवळ जमावे. वेळ दोन तास. जास्तीत जास्त 15 जण. शुल्क माणशी 150 रुपये. पाणचक्कीचे प्रवेश तिकीट वेगळे.’

यातल्या प्रत्येक शब्दाला कारण आहे. नुसते ‘दरवाजाजवळ’ लिहिले, तर निम्मे लोक रस्त्याच्या या बाजूला आणि निम्मे त्या बाजूला थांबतात. भडकल दरवाजा मलिक अंबरने 1612 च्या सुमारास मुघलांवरील विजयाची आठवण म्हणून बांधला. त्याने वसवलेल्या खडकीचेच पुढे औरंगाबाद झाले. त्यामुळे शहराची गोष्ट तिथून सुरू करणे सोयीचे ठरते.

दोन तासांतला बराच वेळ पाणचक्कीवर जातो, कारण तिथली करामत उभे राहूनच कळते. दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलेले आहे. इथे ते उंच भिंतीत चढवून वरून हौदात सोडले जाते. पडत्या पाण्याच्या जोराने खालची पाती फिरत आणि त्यांच्यासोबत जाते फिरे. त्या पिठावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू जेवत.

पंधराची मर्यादा या पडत्या पाण्यामुळेच आहे. त्याच्या आवाजात सांगणाऱ्याचे बोलणे मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. शिवाय आवारात दर्गा आणि मशीद आहे. मोठा घोळका आला की दुआ करणाऱ्यांची वाट अडते.

रमजानमध्ये सकाळची वेळ सोयीची असते. रोजेदारांची सहेरी आणि फजरची नमाज झालेली असते, ऊन चढलेले नसते. शुक्रवार टाळावा, कारण दुपारी जुम्याची गर्दी असते. चहा-नाश्त्याचा थांबा फेरी संपल्यावर ठेवला, तर रोजेदार शेजाऱ्यालाही अवघडल्यासारखे होत नाही.

शुल्काची ओळ सर्वांत जास्त भांडणे वाचवते. पंधरा जणांचे 2,250 रुपये होतात. ते सांगणाऱ्याच्या मेहनतीचे आणि नकाशाच्या छपाईचे, हे आधीच लिहावे. तिकीट वेगळे असल्याचे लिहायचे राहिले, तर तिकिटाच्या खिडकीपाशीच फेरीची चव जाते. दर्ग्यात जायला मात्र कोणाला धर्म विचारला जात नाही. डोके झाकावे, चपला बाहेर काढाव्यात, एवढे दोन शब्द ओळीच्या शेवटी जोडले की पहिल्यांदा येणाऱ्याचा संकोच तिथेच संपतो.