काखेतला आकडा आणि एक लांबलेली रात्र

रात्रीचे सव्वादहा. चार वर्षांचा मुलगा दुपारपासून मलूल होता. जेवायला बसला, पण दोन घासही गेले नाहीत. आता तो आईच्या मांडीवर कुडकुडतो आहे. कपाळ तापलेलं, हातपाय मात्र गार. आई काखेत थर्मामीटर लावते. १०१.८. दहा मिनिटांनी परत लावते. १०२.१. ती दोन चादरी घालते, मग घाबरून काढते, मग तो अजून कुडकुडतो म्हणून पुन्हा घालते.

ही गोष्ट कल्पनेतली असली, तरी अशी रात्र पावसाळ्यात असंख्य घरांत उजाडेपर्यंत जागली जाते. आणि आपल्याकडेच नव्हे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात मुलं सांभाळणाऱ्या ३४० जणांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. मुलाला ताप असताना आपण तासाला एकदा किंवा त्याहूनही जास्त वेळा थर्मामीटर लावतो, असं त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी सांगितलं होतं. तापाने मेंदूला इजा होते, असं मानणारे शंभरात एकवीस होते. त्याआधी १९८० साली डेन्व्हरच्या डॉ. बार्टन श्मिट यांनीही पालकांच्या मनातली हीच धास्ती नोंदवली होती. मधल्या वीस वर्षांत औषधं घरोघरी पोहोचली, भीती फारशी कमी झाली नाही.

आईचं जागणं चुकीचं नाही. पण त्या आकड्याचा अर्थ तिला कुणी नीट सांगितलेला नसतो, म्हणून प्रत्येक आकडा तिला नवा धक्का देतो.

अंग तापलेलं आणि पाय गार, या कोड्यापासूनच सुरुवात करू. शरीराचं तापमान किती ठेवायचं, हे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग ठरवतो. जंतूंशी झुंज सुरू झाली की रक्तातून निरोप जातो, प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तिथे तयार होतं आणि ठरलेलं तापमान ९८-९९ वरून थेट १०३ वर नेलं जातं. शरीर अजून १०१.८ वरच असतं. म्हणजे नव्या हिशेबाने ते ‘गार’ असतं. मग ते ऊब वाढवायला लागतं. त्वचेकडचं रक्त आत ओढून घेतं, म्हणून हातपाय गार पडतात, आणि स्नायू थरथरवतं, म्हणून हुडहुडी भरते. ताप १०३ ला पोहोचला की हुडहुडी थांबते, तळवे गरम होतात. उतरायला लागला की उलट क्रम: अंग लाल होतं, घाम फुटतो.

म्हणून सव्वादहाला गार पाय बघून आईला एक गोष्ट कळू शकली असती. ताप अजून चढणार आहे. हुडहुडी असेपर्यंत एक पातळ पांघरूण पुरे. ती थांबली की तेही काढायचं.

साडेदहाला ती पॅरासिटामॉलचं सिरप देते. इथे चमच्यापेक्षा मुलाचं वजन महत्त्वाचं. नेहमीचा हिशेब किलोमागे १५ मिलिग्रॅम असा आहे. मुलगा १४ किलोचा, म्हणजे २१० मिलिग्रॅम. घरातल्या बाटलीवर ‘५ मिलीत २५० मिलिग्रॅम’ असं लिहिलं असेल, तर चार मिलीच्या किंचित वर. पण बाजारात ‘५ मिलीत १२५’ असंही सिरप मिळतं. त्यातून तेवढंच औषध द्यायला आठ मिलीच्या वर लागतं. तान्ह्या बाळांचे थेंब तर कितीतरी तीव्र असतात, एका मिलीतच १०० मिलिग्रॅम. रात्रीच्या घाईत ‘मागच्या वेळी पाच मिली दिलं होतं’ एवढंच आठवून दुसऱ्याच बाटलीतून पाच मिली ओतलं की मात्रा निम्मी तरी होते किंवा दुप्पट. बाटलीवरचा तो आकडा वाचणं आणि औषध स्वयंपाकघरातल्या चमच्याऐवजी झाकणाच्या मापाने किंवा सिरिंजने मोजणं, ही त्या रात्रीची सगळ्यात महत्त्वाची मोजणी. थर्मामीटरचा नंबर त्यानंतर लागतो.

दहा पन्नासला थर्मामीटर १०२.६ दाखवतो. औषध देऊनही वाढला! सासूबाई म्हणतात, “अगं, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेव.” एका पिढीपूर्वी त्यांनीच कोलनवॉटरच्या घड्या ठेवल्या असत्या. आई फ्रीजमधलं पाणी घेते. कपाळाला ते लागताच मुलगा दचकून रडायला लागतो आणि पुन्हा थरथरतो.

औषधाला वेळच मिळालेला नाही. पॅरासिटामॉलचा परिणाम दिसायला अर्धा ते एक तास लागतो आणि पूर्ण जोर दोन-तीन तासांनी येतो. शिवाय ताप चढणीवर असताना दिलेलं औषध आधी ती चढण थोपवतं, उतार नंतर. गार पाण्याने तर उलटंच होतं. मेंदूने ठरवलेलं तापमान वरच असतं, त्यामुळे त्वचा गार केली की शरीर आणखी थरथरून ऊब तयार करतं. मीठ त्यात काहीच भर घालत नाही. पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने, औषध लागू पडल्यावर, आणि मुलाला बरं वाटत असेल तरच.

साडेअकराला १०३.१. आई दुसऱ्या काखेत लावून बघते, तर १०२.४. कोणता खरा?

कदाचित दोन्ही थोडे कमी-जास्त. काखेतलं मोजमाप शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने कमी येतं. घाम असेल, टोक काखेच्या खळग्यात न बसता बाहेर आलं असेल, हात अंगाला नीट चिकटलेला नसेल, तर आकडा आणखी खाली येतो. डिजिटल थर्मामीटर वाढ मंदावली की ‘बीप’ करतो. काखेत तो कधी कधी घाईने वाजतो, म्हणून आणखी थोडा वेळ धरून ठेवलेला बरा. घाम पुसून, दर वेळी त्याच काखेत लावला तरच दोन आकड्यांची तुलना होते. दोन-तीन दशांशांचा फरक म्हणजे ताप वाढला असं नव्हे.

पूर्वी अशी दहा-दहा मिनिटांची मोजणी शक्यच नव्हती. लाइपझिगचे कार्ल वुंडरलिख यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या काखेतलं तापमान नोंदवून १८६८ साली ग्रंथ लिहिला, त्यांचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि एका मोजणीला पंधरा-वीस मिनिटं लागत. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस ऑल्बट यांनी सहा इंचांचा, पाचेक मिनिटांत आकडा देणारा थर्मामीटर आणला, आणि हे यंत्र खिशात मावू लागलं. पुढे घरात आलं, आणि आकड्याची भीतीही घरात आली. हेमिंग्वेची १९३३ सालची ‘अ डेज वेट’ ही छोटी कथा त्या भीतीवरच उभी आहे. १०२ ताप ऐकून एक मुलगा दिवसभर मरणाची वाट बघतो, कारण फ्रान्समधल्या मित्रांनी त्याला ४४ अंशाला माणूस मरतो असं सांगितलेलं असतं. सेल्सिअस आणि फॅरनहाइट वेगळे असतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आईच्या मनातही असाच एक न विचारलेला प्रश्न आहे: हा १०४, १०५, १०८ असा चढतच गेला तर? जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूने वर नेलेल्या तापमानालाही मर्यादा असते, त्यामुळे तो सहसा १०६ च्या पुढे जात नाही. उन्हाळ्यात बंद गाडीत अडकलेल्या मुलाचं शरीर तापतं ती गोष्ट वेगळी. तिथे मेंदूचा ताबाच सुटतो, आणि ती खरी आणीबाणी असते. राहिली आकडीची भीती. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत शंभरातल्या दोन ते पाच जणांना तापात आकडी येते. ती बघणं भयंकर असतं, पण बहुतेक वेळा ती काही मिनिटांत थांबते आणि मेंदूला कायमची इजा करत नाही. वेळेवर ताप उतरवल्याने ती टळते, असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. आलीच तर मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर लगेच रुग्णालय. पहिल्यांदाच आली असेल, तर थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवायचं.

साडेबाराला घाम फुटतो. १०१.४. दोन वाजता १००.६. मुलगा गाढ झोपलेला. अडीचला चार तास होतात आणि आई त्याला हलवते, डोस चुकू नये म्हणून. बाल्टिमोरच्या अभ्यासातले शंभरात पंचाऐंशी जण हेच करणारे होते. त्याची गरज नसते. हे औषध मुलाला आराम पडावा म्हणून असतं, आजार ते बरा करत नाही. झोपलेल्या मुलाला आराम पडलेलाच असतो. चार तास हे दोन डोसांमधलं कमीत कमी अंतर आहे, तेवढ्याला दिलाच पाहिजे असा नियम नाही. चोवीस तासांत किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही, म्हणजे या मुलाला चार डोस. त्यापलीकडे यकृताला धोका असतो, आणि सर्दी-खोकल्याच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

चारला तो रडत उठतो. १०२.२. आई दुसरा डोस देते, दोन घोट पाणी पाजते. साडेसहाला ९९.४. घरात सुटकेचा श्वास.

पण पहाटे शरीराचं तापमान एरवीही सगळ्यात कमी असतं आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त. सकाळचा ९९ पाहून आजार गेला असं समजू नये, आणि संध्याकाळी परत १०२ झाला म्हणून हबकूनही जाऊ नये. ताप उतरलेल्या त्या तासात मूल कसं वागतं, हे मात्र नीट बघण्यासारखं असतं. पाणी मागतं का, नजर देतं का, खेळण्याकडे हात जातो का? ताप उतरूनही ते ग्लानीतच असेल, मान ताठ झाली असेल, सात-आठ तास लघवी झाली नसेल, किंवा या वयात शांत असताना श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त होत असेल, तर आकडा काहीही असो, थांबायचं नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर १००.४ ताप हेच डॉक्टरांकडे जायला पुरेसं कारण.

आपल्याकडे पावसाळ्यात एका आजारात थर्मामीटर सरळ फसवतो. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतो तेव्हा सुरू होतो, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला लागतो आणि आकडा मात्र ९८ दाखवत असतो. म्हणून या दिवसांत तापासाठी आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड किंवा ॲस्पिरिन असलेली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाहीत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आईने कागदावर वेळ, आकडा, औषध किती मिली आणि लघवी किती वेळा एवढं लिहून ठेवलं, तर डॉक्टरांना तापाचा कितवा दिवस आहे आणि शरीरातलं पाणी कमी पडतं आहे का, हे चटकन कळतं. डेंग्यूची शंका असेल तर ताप गेल्यावरही २४ ते ४८ तास ही नोंद चालू ठेवायची, आणि पोट जोरात दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, मूल अस्वस्थ किंवा गार पडू लागलं, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठायचं.