वाचलेल्या पुस्तकाचं आपल्या प्रबंधात काम काय?

एम.ए. किंवा पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय ठरला की बरेच गाइड आधी सटीप संदर्भसूची करायला सांगतात. साध्या सूचीत लेखक, पुस्तक, प्रकाशक आणि वर्ष एवढंच असतं. सटीप सूचीत प्रत्येक नोंदीखाली साधारण दीडशे शब्दांची टीप येते. पुस्तक काय सांगतं, कशाच्या आधारावर सांगतं आणि माझ्या प्रश्नासाठी त्याचा काय उपयोग, या तीन गोष्टी त्या टिपेत यायला हव्यात. पुष्कळ टिपा पहिल्या गोष्टीवरच संपतात आणि मग सहा महिन्यांनी प्रकरण लिहायला बसल्यावर सगळी पुस्तकं पुन्हा उघडावी लागतात.

एक उदाहरण घेऊ. समजा विषय आहे, मुंबईच्या गिरणी संपाच्या काळात गिरणगावातल्या बायकांनी घरखर्च कसा चालवला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा हा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. या विषयावर काम करणाऱ्याच्या हाती मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ (2004) हे पुस्तक लवकरच येतं. गिरणगावातल्या माणसांनी स्वतः सांगितलेल्या आठवणींतून उभा राहिलेला हा मौखिक इतिहास आहे.

त्यावर घाईत लिहिलेली टीप अशी असते: ‘या पुस्तकात गिरणगावाचा इतिहास कामगारांच्या तोंडून उलगडतो. पुस्तक वाचनीय आणि माहितीपूर्ण असून माझ्या संशोधनाला उपयुक्त आहे.’ यात खोटं काही नाही, पण हे मलपृष्ठ वाचूनही लिहिता येतं. तपासायची रीत सोपी आहे. ‘वाचनीय, माहितीपूर्ण, उपयुक्त’ हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाखाली डकवून पाहावं. तिथेही ते बसलं, तर मूल्यमापन झालेलंच नाही.

आता हीच टीप नीट लिहू:

‘गिरणगावातल्या रहिवाशांच्या आठवणींतून लेखिका वस्तीचं राजकारण, संस्कृती आणि गिरण्यांची पडझड मांडतात. दोघीही चळवळीत काम केलेल्या असल्यामुळे लोक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलले. मात्र पुस्तकाची सहानुभूती उघडपणे कामगारांच्या बाजूची आहे. संपाच्या आठवणी बऱ्याच वर्षांनंतर सांगितलेल्या आहेत. त्यामुळे संप लोकांना कसा वाटला, यासाठी त्या भक्कम पुरावा आहेत; कुठल्या महिन्यात किती उधारी झाली, यासाठी नाहीत. बायकांच्या कामाचे उल्लेख मी दुसऱ्या प्रकरणात वापरीन. आकड्यांसाठी वेगळं साधन शोधावं लागेल.’

इथे मूल्यमापन म्हणजे पुस्तकाला गुण देणं नाही. तोच पुरावा एका प्रश्नाला पुरतो आणि दुसऱ्याला पुरत नाही, हे टिपेने वेगळं करून दाखवलं. शेवटच्या वाक्याने पुस्तकाची प्रबंधातली जागाही ठरवली.

पुस्तक आपल्या काळाबाहेरचं असेल, तर ही जागा जास्त जपून ठरवावी लागते. राजनारायण चंदावरकर यांचा ‘द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटलिझम इन इंडिया’ (1994) हा ग्रंथ 1900 ते 1940 या काळातल्या मुंबईचा आहे. कामगाराचं जग गिरणीच्या फाटकात संपत नाही. वस्ती, उधार देणारा दुकानदार आणि गावाकडचं घर यांच्या आधारावर तो संपात टिकतो, असं त्यांनी दाखवलं. आपल्या विषयाला ही मांडणी फार मोलाची आहे. पण तिच्यावरून ‘1982 मध्येही दुकानदारांनी उधार दिलं’ असं लिहिणं चूक ठरेल. टिपेत स्पष्ट नोंदवावं: ‘यातून प्रश्न घेतो, पुरावा नाही.’

या ग्रंथकारांचा एकमेकांशी संबंधही टिपेत यावा. मेनन-आडारकरांच्या पुस्तकाची ऐतिहासिक प्रस्तावना चंदावरकरांचीच आहे. म्हणून वस्तीच्या महत्त्वाबद्दल दोन्ही पुस्तकं एकच बोलली, तर ती दोन अगदी स्वतंत्र साक्षी धरता येत नाहीत.

टीप पुस्तक वाचून संपलं त्याच दिवशी, पृष्ठक्रमांकासह लिहावी. फक्त प्रस्तावना आणि समारोप वाचला असेल, तर तसंही लिहून ठेवावं. दहा-पंधरा नोंदी झाल्या की प्रत्येकीचं फक्त शेवटचं वाक्य एका कागदावर उतरवावं. आपल्या उदाहरणात ‘आकड्यांसाठी वेगळं साधन’ हे शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर प्रबंधाची मोकळी जागा सापडली. पुढचं काम मग ग्रंथालयात नाही. जुन्या उधारीच्या वह्या, गहाणाच्या पावत्या आणि त्या काळी खानावळ चालवणाऱ्या बायका शोधायला लालबाग-परळला जायचं.