गाय, दुधाचा पेला आणि एकच उजेड

आज आपण दुधाच्या जाहिरातीच्या फोटोबद्दल बोलू. गोठा आणि घर एकाच चौकटीत दाखवायचं असेल, तर बरेच गट कुठून तरी गायीचं चित्र घेतात, पेल्याचं दुसरीकडून घेतात आणि दोन्ही जोडून देतात. ते जोडकाम गिऱ्हाइकाला लगेच कळतं, कारण गायीची सावली डावीकडे पडलेली असते आणि पेल्याची उजवीकडे. म्हणून आम्ही सांगतो, दोन्हींचा फोटो एकदमच काढा, आणि दोन्हींवर उजेड एकच असू द्या.

समजा, आपल्या ओसरीचं तोंड पूर्वेला आहे. सकाळी ऊन थेट मोबाईलवर येतं आणि गाय काळी दिसते. संध्याकाळी मात्र घराची सावली अंगणात पडते. तेव्हा ओसरी आणि गाय दोन्ही सारख्याच मऊ उजेडात येतात. धार काढून झाली की गायीच्या अंगावरचं शेण ओल्या फडक्याने पुसा, पुढे वैरण टाका. ती शांत उभी राहील. तिच्यामागे उन्हाचा तुकडा दिसू देऊ नका.

दुधाचा पेला गोठ्यात नेऊ नका. उघडं दूध आणि माश्या एकत्र दिसल्या, तर स्वच्छतेचं बोलणं फुकट जातं. गाळलेलं दूध काचेच्या पेल्यात भरून ओसरीच्या कडेवर ठेवा. स्टीलच्या पेल्यात फोटो काढणारीच दिसते! मोबाईल पेल्यापासून तीन फूट मागे धरा, गाय पेल्यापलीकडे आठ-दहा फुटांवर असू द्या. मोबाईल गायीच्या अगदी जवळ नेला, तर तिचं नाक मोठं आणि अंग लहान दिसतं.

आता स्क्रीनवर पेल्यावर बोट ठेवा आणि उजेड थोडा कमी करा. पेल्याची कड पांढऱ्यात हरवली असेल, तर उजेड जास्त झाला. गायीचा डोळा दिसत नसेल, तर कमी पडला. मागचं धूसर करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर गाय नुसता डाग होते.

फोटो उजळ करायला फिल्टर लावू नका. गायीच्या दुधात कॅरोटीन असतं, त्यामुळे ते किंचित पिवळसर दिसतं. म्हैस कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरं. फिल्टरने गायीचं दूध कागदासारखं पांढरं केलं, की पिशवी फोडणारी बाई म्हणते, "फोटोत पांढरं, आणि हे पिवळं कसं?" दूध चांगलं असूनही तिला भेसळीचा संशय येतो.

गायीचंही तसंच. दूध काळ्या-पांढऱ्या संकरित गायीचं असेल, तर लांब लोंबत्या कानांची, फुगीर कपाळाची गीर गाय छापू नका. गायी-म्हशीचं दूध एकत्र विकत असाल, तर दोघींनाही चौकटीत घ्या. जे दूध घरी जातं, तेच फोटोत दिसू द्या.