एका समभागाची दहा मते

कंपनीच्या समभागाबरोबर नफ्यातील वाटा आणि सर्वसाधारण सभेतील मत हे दोन अधिकार सारख्याच प्रमाणात येतात, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु कायद्याने मुभा दिल्यास ते वेगळे करता येतात, आणि अमेरिकेतील अनेक तंत्रज्ञान कंपन्यांच्या संस्थापकांनी भांडवल बाजारातून उभारूनही नियंत्रण स्वतःकडे राखले ते याच मार्गाने. ऑगस्ट 2004 मध्ये सूचीबद्ध झालेल्या गूगलने जनतेला विकलेल्या ‘ए’ वर्गाच्या समभागाला एक मत दिले, तर संस्थापक, व्यवस्थापक आणि सुरुवातीचे गुंतवणूकदार यांच्याकडील ‘बी’ वर्गाच्या समभागाला दहा. लाभांशाचा हक्क दोहोंना समान होता. मात्र ‘बी’ समभाग बाहेरच्या व्यक्तीला विकला, की त्याचे आपोआप ‘ए’मध्ये रूपांतर होऊन नऊ मते नाहीशी होत.

रूपांतराची ही अट वरकरणी संस्थापकांना जाचक वाटते, परंतु तिचा प्रत्यक्ष परिणाम उलट होतो. समजा, एका कंपनीचे शंभर समभाग आहेत, त्यांतील ऐंशी ‘ए’ वर्गाचे, दहा ‘बी’ संस्थापकांचे आणि दहा ‘बी’ साहस भांडवलदारांचे, म्हणजे कंपनी नवखी असताना जोखीम पत्करून पैसा पुरवणाऱ्यांचे. एकूण मते 280 होतात आणि संस्थापकांच्या शंभर मतांचा वाटा 36 टक्क्यांच्या आत राहतो. पुढे साहस भांडवलदारांनी आपले समभाग बाजारात विकले, की एकूण मते 190 वर येतात आणि एकही नवा समभाग न घेता संस्थापकांचा वाटा सुमारे 53 टक्के होतो. गूगलमध्ये हेच घडले. सूचीबद्ध होताना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांच्याकडे मिळून 37.6 टक्के मते होती. 2012 पर्यंत ती सुमारे 56 टक्क्यांवर गेली होती.

या रचनेला खरा धोका असतो तो नव्या समभागांचा. कर्मचाऱ्यांना मोबदल्यात समभाग दिले किंवा दुसरी कंपनी समभागांच्या मोबदल्यात विकत घेतली, की ‘ए’ समभाग वाढतात; वरच्या उदाहरणात असे वीस समभाग वाढले तर संस्थापकांची मते 48 टक्क्यांखाली घसरतात. म्हणून 2012 मध्ये गूगलने अजिबात मत नसलेला ‘सी’ वर्ग काढून प्रत्येक जुन्या समभागामागे एक ‘सी’ समभाग वाटण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे नव्या समभागांनी मते पातळ होण्याचा धोका टळणार होताच, शिवाय संस्थापकांना आपल्या वाट्याचे सारे ‘सी’ समभाग विकून एकही मत न गमावता निम्मी गुंतवणूक मोकळी करता येणार होती. उदाहरणातील संस्थापकांनी तसे केले, तर भांडवलाच्या पाच टक्के वाट्यावर त्यांच्याकडे 53 टक्के मते राहतील. प्रस्तावाच्या मतदानात संस्थापकांचीच मते निर्णायक असल्याने तो संमत होणार हे उघड होते, आणि इतर भागधारकांच्या हाती उरला तो केवळ न्यायालयाचा मार्ग.

भागधारकांनी डेलावेअरमध्ये लावलेला दावा 2013 मध्ये, सुनावणी सुरू होण्याच्या बेतात असताना, तडजोडीने मिटला. पहिल्या वर्षात ‘सी’ समभागाचा भाव ‘ए’पेक्षा ठरलेल्या मर्यादेहून अधिक खाली राहिल्यास कंपनीने भरपाई द्यावी, असे ठरले. एप्रिल 2014 मध्ये ‘सी’ समभाग वाटले गेले, तफावत मर्यादेबाहेर गेली आणि 2015 मध्ये कंपनीने सुमारे 52 कोटी 20 लाख डॉलरची भरपाई समभाग व रोखीच्या रूपात दिली. ज्यांच्या हाती असलेले एकेक मत काहीच बदलू शकत नव्हते, त्यांच्याही लेखी मताला किंमत असल्याचे बाजाराने यातून दाखवून दिले.

दूरदृष्टीच्या संस्थापकाला तिमाही निकालांच्या दडपणापासून आणि अनिच्छेच्या ताबाबदलापासून संरक्षण हवे, हा या पद्धतीच्या समर्थनातील युक्तिवाद सुरुवातीच्या वर्षांपुरता रास्त आहे. परंतु संस्थापकाचा भांडवली वाटा जसजसा घटतो, तसतसा त्याच्या चुकीच्या निर्णयाचा भार इतरांवर सरकत जातो आणि तरीही त्याला हटवण्याची सोय नसते. दोष विषमतेपेक्षा तिच्या मुदतहीनतेत अधिक आहे, आणि भारतीय नियमांनी नेमके हेच ओळखले.

भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2009 मध्ये सूचीबद्ध कंपन्यांना अधिक मतांचे समभाग काढण्यास मनाई केली होती. 2019 मध्ये तिने तंत्रज्ञानाधारित कंपन्यांना, त्यांच्या संस्थापकांनी समभागविक्रीपूर्वीच तसे समभाग घेतलेले असल्यास, सूचीबद्ध होण्याची वाट मोकळी केली. अशा समभागाला सामान्य समभागाच्या दोन ते दहापट मते असू शकतात, परंतु धारकांची एकूण मते 74 टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत. स्वतंत्र संचालक वा लेखापरीक्षक नेमणे किंवा हटवणे, नियमावली बदलणे, कंपनी स्वेच्छेने गुंडाळणे अशा विषयांवर त्या समभागालाही एकच मत मिळते. संस्थापकाचा मृत्यू झाला किंवा त्याने कार्यकारी पद सोडले, तर विशेष मते संपतात. सूचीबद्ध झाल्यानंतर पाच वर्षांनी ती तशीही संपतात. आणखी पाच वर्षांपर्यंतची मुदतवाढ सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच मिळू शकते, आणि त्या ठरावावर विशेष मतांच्या धारकांना मतदान करता येत नाही.