चौदा दिवसांसाठी एकच अभिक्रिया

थर्मोडायनॅमिक्स आणि इक्विलिब्रियम ही दोन प्रकरणं डिप्लोमाची बहुतेक मुलं वेगवेगळी पाठ करतात. मग पेपरात दोन्हींना जोडणारं गणित आलं की अडतात. परीक्षेला दोन आठवडे उरले असतील तर मी माझ्या विद्यार्थ्यांना एकच अभिक्रिया धरून ठेवायला सांगतो: N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात अमोनिया याच अभिक्रियेने तयार होतो.

पहिले तीन दिवस पहिल्या नियमाला आणि त्यातल्या अधिक-उणे चिन्हांना द्या. काही पुस्तकांत ΔU = q + w असतं, काहींत ΔU = q − w. दोन्ही बरोबर आहेत, कारण पहिल्यात w हे वायूवर झालेलं काम आहे आणि दुसऱ्यात वायूने केलेलं. तुमच्या वर्गात जी पद्धत शिकवली तीच धरा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि एका गणिताने तपासा. १ मोल आदर्श वायू ३०० केल्व्हिनला समतापी, प्रतिवर्ती पद्धतीने दुप्पट आकारमानाला प्रसरण पावला, तर काम RT ln 2 म्हणजे सुमारे १७२९ ज्यूल होतं. तेवढीच उष्णता तो बाहेरून घेतो. तापमान बदललं नाही, म्हणून ΔU शून्यच यायला हवं. ते ३४५८ आलं, तर दोन पद्धतींची सरमिसळ झाली आहे.

चौथ्या दिवसापासून सहाव्यापर्यंत हेसचा नियम आणि एन्ट्रॉपी. तक्त्यातल्या प्रमाणित एन्ट्रॉपी अमोनियासाठी १९२.८, नायट्रोजनसाठी १९१.६ आणि हायड्रोजनसाठी १३०.७ आहेत. अमोनियाची दुप्पट, हायड्रोजनची तिप्पट करून वजाबाकी केली की ΔS° उणे १९८.१ ज्यूल प्रति केल्व्हिन येतं. आकडेमोडीआधीच चिन्ह सांगता आलं पाहिजे: वायूचे चार मोल जाऊन दोन झाले, म्हणजे एन्ट्रॉपी घटणारच.

सातवा दिवस मोकळा ठेवून फक्त ΔG° = ΔH° − TΔS° करा. उत्तरपत्रिकांत सर्वाधिक गुण इथे जाताना मी पाहिले आहेत. ΔH° उणे ९२.२ किलोज्यूल आहे, पण ΔS° ज्यूलमध्ये आहे. घाईत २९८ ने गुणून तसंच वजा केलं की ΔG° अधिक ५८९४२ येतं आणि मूल बिनधास्त लिहून मोकळं होतं, ‘अभिक्रिया आपोआप होणार नाही’. आधी १९८.१ ला हजारने भागा. मग उत्तर उणे ३३.२ किलोज्यूल येतं.

आठव्या दिवशी हीच संख्या घेऊन दुसऱ्या प्रकरणात शिरा: ΔG° = −RT ln K. इथे R ८.३१४ ज्यूलमध्ये आहे, म्हणून ३३.२ चे पुन्हा ३३२०० करा. ln K १३.४ येतो आणि K सुमारे साडेसहा लाख. आता तेच गणित ७०० केल्व्हिनला करा. ΔG° अधिक ४६.५ किलोज्यूल होतं आणि K जेमतेम ०.०००३ उरतो. ΔH° आणि ΔS° तापमानाने बदलत नाहीत असं आपण धरलंय, त्यामुळे दुसरा आकडा ढोबळ आहे. पण दिशा खरी आहे.

मग कारखाना ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला का चालवतात? थंडीत समतोल अनुकूल असतो, पण तिथे पोचायला फार वेळ लागतो. लोहाचा उत्प्रेरक तो वेळ कमी करतो, पण K ला हातही लावत नाही. K फक्त तापमानाने बदलतो. दाब वाढवला की समतोलाची जागा अमोनियाकडे सरकते, K मात्र तोच राहतो. ‘दाब वाढवल्याने K वाढतो’ हे वाक्य लिहिलंत तर गुण गेलेच. अकराव्या दिवसापर्यंत याच अभिक्रियेवर Kp आणि Kc चं नातं करा: मोलमधला फरक उणे दोन, आणि दाब ॲटमॉस्फियरमध्ये, आकारमान लिटरमध्ये असेल तर तिथे R ०.०८२१, ८.३१४ नव्हे.

बारावा-तेरावा दिवस जुन्या प्रश्नपत्रिकांचा, घड्याळ लावून. चुकलेल्या गणितापुढे ‘चिन्ह’, ‘एकक’ की ‘मोल’, एवढंच लिहा.

चौदाव्या दिवशी नवीन काही वाचू नका. कोऱ्या कागदावर तक्त्यातले आकडे घेऊन अमोनियाचं गणित ΔS° पासून K पर्यंत एकदा सोडवा. २९८ केल्व्हिनला K १.०१ आला, तर किलोज्यूलचे ज्यूल करायचे राहिले आहेत.