चालू मशीनला मेमरी द्यायची, पण घेणार कोण?

महिनाअखेर आहे, पगाराचा हिशेब चालू आहे आणि त्या कामाच्या सर्व्हरची मेमरी संपत आलीय. हा सर्व्हर म्हणजे वेगळं यंत्र नाही. एका मोठ्या यंत्रात, म्हणजे होस्टमध्ये, सॉफ्टवेअरने उभं केलेलं ते एक व्हर्च्युअल मशीन आहे. होस्टकडे मेमरी भरपूर शिल्लक आहे. मग मशीन बंद न करता ४ जीबीचे ८ जीबी करता येतील का? येतात, आणि यालाच हॉट-अ‍ॅड म्हणतात. होस्टने मेमरी दिली की काम झालं, असं मात्र नसतं. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमने ती स्वीकारायला हवी आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

त्याआधी परवानगीचा प्रश्न येतो. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरमध्ये मेमरी आणि प्रोसेसर यांच्या हॉट-अ‍ॅडसाठी दोन वेगळ्या खुणा कराव्या लागतात, आणि त्या मशीन बंद असतानाच करता येतात. ऐन गर्दीत ही सोय आठवली तर उपयोग नाही, कारण चालू मशीनच्या सेटिंगमध्ये मेमरीचा आकडा बदलताच येत नाही. ती खूण मशीन उभारतानाच केलेली बरी.

आपल्या पगाराच्या मशीनवर लिनक्स आहे आणि खूणही केलेली आहे असं धरू. आकडा ८ जीबी केला, होस्टने काम पूर्ण झाल्याचं कळवलं. आत जाऊन `free -m` चालवलं, तर एकूण मेमरी अजून ४ जीबीच! घाबरायचं कारण नाही. लिनक्स नव्या मेमरीचे तुकडे पाडतं, असल्या मशीनवर सहसा १२८ एमबीचे. म्हणजे ४ जीबीचे ३२ तुकडे झाले. ते दिसतात, पण प्रत्येक तुकडा ‘ऑनलाइन’ केल्याशिवाय वापरात येत नाही. बऱ्याच लिनक्स वितरणांत हे आपोआप होतं. जिथे होत नाही तिथे हाताने करावं लागतं. रूट म्हणून:

```
lsmem
chmem -e 4G
free -m
```

पहिल्या आज्ञेत शेवटी ऑफलाइन मेमरीचा आकडा येतो. तो ४ जीबी असेल, तर होस्टने आपलं काम केलंय आणि अडलंय ते आत, हे लगेच कळतं. प्रोसेसरचंही असंच: `lscpu` मध्ये नवे प्रोसेसर ऑफलाइन दिसले तर एकेक चालू करायचा.

```
echo 1 > /sys/devices/system/cpu/cpu2/online
```

इथे एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. नवी मेमरी स्वीकारायलाही मेमरी लागते. दर ४ केबीच्या पानामागे लिनक्स ६४ बाइटची नोंद ठेवतं. म्हणजे ४ जीबी जोडताना सुमारे ६४ एमबी नोंदींना लागतात, आणि त्या सहसा जुन्या मेमरीतूनच जातात. मशीन अगदी शेवटच्या घटकेला आलं असेल तर ही जोडणी फसू शकते. म्हणून मेमरी पुरती संपायची वाट पाहू नये.

लिनक्सचीच दुसरी अडचण ३ जीबीची. व्हीएमवेअरवर ३ जीबी किंवा त्याहून कमी मेमरीने सुरू झालेल्या लिनक्स मशीनला चालू असताना ३ जीबीच्या पुढे नेता येत नाही. २ जीबीने सुरू केलेलं मशीन फार तर ३ पर्यंत वाढतं. पुढे वाढण्याची शक्यता असेल तर मुळातच ४ जीबीने सुरुवात करावी, हा माझा आग्रह आहे.

विंडोजमध्ये प्रश्न आवृत्तीचा. सर्व्हर २००८ आर२ मध्ये मेमरीची हॉट-अ‍ॅड एंटरप्राइज आणि डेटासेंटर या वरच्या आवृत्त्यांना होती. प्रोसेसरची फक्त डेटासेंटरला. सर्व्हर २०१२ पासून स्टँडर्डलाही दोन्ही मिळालं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या हायपर-व्हीमध्ये चालू मशीनची मेमरी बदलण्याची सोय २०१६ च्या आवृत्तीत आली.

ऑपरेटिंग सिस्टिमने घेतलं, तरी आतला प्रोग्राम ते वापरेलच असं नाही. जावाचा प्रोग्राम `-Xmx` ने ठरवलेल्या मर्यादेच्या पुढे हीप वाढवत नाही; ती मर्यादा बदलायला प्रोग्राम पुन्हा सुरू करावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून बफर पूल चालू असतानाच वाढवता येतो, पण तो आकडा आपणच बदलायचा. एसक्यूएल सर्व्हरला नवे प्रोसेसर दाखवायचे तर `RECONFIGURE` ही आज्ञा द्यावी लागते.

मग ही सोय सगळ्याच मशीनवर चालू ठेवावी का? मी ठेवणार नाही. व्हीस्फिअर ८ च्या आधी प्रोसेसरच्या हॉट-अ‍ॅडची खूण केली की कुठली मेमरी कुठल्या प्रोसेसरजवळ आहे हे मोठ्या मशीनला दिसेनासं होतं, आणि मोठा डेटाबेस त्याने मंदावतो. मेमरीची खूण बहुतेक ठिकाणी करावी. प्रोसेसरची लहान मशीनपुरतीच. आणि महिनाअखेर उलटल्यावर ते ८ जीबी पुन्हा ४ करायचे असतील, तर व्हीएमवेअरवर मशीन बंद करण्याची वेळ ठरवूनच ठेवावी लागते.