अनारशाच्या तांदळापासून मोजलेली दिवाळी

दसरा ते भाऊबीज हे साधारण तीन आठवडे. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरला होता आणि भाऊबीज 23 ऑक्टोबरला. या एकवीस दिवसांची आखणी बहुतेक घरांत पुढून होते: आधी जळमटं, मग किराणा, मग फराळ, शेवटी देण्याघेण्याच्या वस्तू. फराळाच्या जुन्या-नव्या कृती वाचण्याचा नाद मला फार दिवसांचा आहे, आणि त्या जितक्या वाचाव्यात तितकी ही आखणी चुकीची वाटते. वेळापत्रक मागून मांडायला हवं, आणि ते टांगायची खुंटी म्हणजे अनारसा. चकली, शेव, चिवडा एका दिवसात उरकता येतात. अनारशाला मात्र दहा दिवस लागतात आणि त्यातला एकही दिवस हाताच्या चलाखीने कमी होत नाही.

वसुबारसेला, म्हणजे 17 ऑक्टोबरला, अनारसे तळायचे असं धरून मागे येऊ. तयार पिठाचा गोळा आठवडाभर मुरला पाहिजे, म्हणजे तो 10 तारखेला बांधायचा. त्याआधी तांदूळ तीन दिवस भिजायला हवा, रोज पाणी बदलून, म्हणजे तो 7 तारखेला, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, पाण्यात पडला पाहिजे. तांदूळ जुना आणि जाडा घ्यावा. नवा चिकट होतो. चौथ्या दिवशी उपसून कापडावर सावलीत पसरायचा आणि हाताला दमट लागतोय तोवरच कुटून बारीक चाळणीने चाळायचा. सगळं यश या दमटपणात आहे. गूळ पिठातलं पाणी ओढून पाझरतो आणि त्यावरच गोळा बांधला जातो. तांदूळ खडखडीत वाळला तर पीठ कितीही मळा, भुरभुरीतच राहतं. गूळ वजनाने पिठाइतका किंवा किंचित कमी, सोबत चमचाभर तूप, आणि घट्ट झाकणाचा डबा. चाळलेलं वाटीभर पीठ गूळ न घालता, नीट वाळवून बाजूला ठेवावं. तळणीच्या दिवशी खसखशीवर थापलेला अनारसा, खसखस वर ठेवून, मंद आचेच्या तुपात एकेक सोडायचा आणि न उलटता झाऱ्याने वर तूप उडवायचं. तो पसरून फुटला, म्हणजे हसला, तर गूळ जास्त झालाय किंवा पीठ सैल आहे. तेव्हा ते राखून ठेवलेलं पीठ कामी येतं. जाळी न पडता दगड झाला तर थोडं दूध किंवा कुस्करलेलं केळं मळून पुन्हा एकच तळून बघावा.

यावरून साफसफाईचा क्रम आपोआप ठरतो. 7 तारखेला तांदूळ भिजायचा आणि 10 ला कापडावर पसरायचा, तर माळा आणि स्वयंपाकघर 3 ते 5 तारखेच्या आतच झाडून व्हायला हवं. दिवाणखान्याचे पडदे आठवडाभराने धुतले तरी बिघडत नाही. लवकर येणाऱ्या दिवाळीत तेच बरं, कारण परतीचा पाऊस रेंगाळतो आणि गोधड्या आंबतात. 2023 सारखी, लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला असणारी दिवाळी या बाबतीत सोयीची. चकलीची भाजणी दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच भाजून गिरणीत द्यावी, कारण शेवटच्या दिवसांत तिथे रांग लागते. पुढचा क्रम टिकाऊपणाचा: बेसन लाडू आणि शंकरपाळे आधी, मग शेव-चिवडा, मग चकली, आणि ओल्या नारळाची करंजी अगदी शेवटी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दोघंही नोकरी करतात, बाजारात अनारशाचं तयार पीठ मिळतं, मग दहा दिवसांची ही कसरत कशाला? पीठ विकत आणायला माझी हरकत नाही. पण ते किती मुरलंय, गूळ किती, हे पाकीट सांगत नाही, म्हणून ते निदान चार दिवस आधी आणून एक अनारसा तळून पाहायलाच हवा. खुंटी जागेवरच राहते, फक्त थोडी पुढे सरकते. दुसरा आक्षेप असा, की सगळं शेवटच्या दोन दिवसांत ताजं करावं. पण मग शेवटी व्हायलाच हव्यात अशा करंज्यांना वेळ उरत नाही, आणि दमलेल्या हातांकडून आच मोठी होते. अनारसा बिघडतो तो बहुधा तिथेच.

भेटींचं मात्र या सगळ्याहून वेगळं आहे आणि त्यांना शेवटी ढकलणं मला सर्वांत मोठी चूक वाटते. भावाची ओवाळणी, पाडव्याची साडी हे पंधरवड्यात कधीही आणता येतं. पण मुलगी सिअ‍ॅटलला किंवा मेलबर्नला असेल तर पार्सलला वाटेत आठ-दहा दिवस सहज जातात, वर सीमाशुल्काची तपासणी. वसुबारसेपर्यंत डबा पोचायचा तर तो दसऱ्याच्या सुमारासच निघायला हवा, म्हणजे त्यातला फराळ नवरात्रातच झाला पाहिजे, घर झाडण्याच्याही आधी. त्यात बेसन लाडू, शंकरपाळे, शेव जातात. करंजीचा वाटेत चुरा होतो. आणि अनारसा पाठवायचाच असेल, तर त्याचा तांदूळ सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास भिजत पडायला हवा.